लाल चिमट्याचं पोस्टर

आमच्या बारामतीच्या छोट्या हॉस्पिटलातल्या वॉर्डात एके काळी कपडे वाळत घालायचे लाल चिमटे फार मानाने वावरत असत. दोरीवर नव्हे, पेशंटच्या केसपेपरवर. नवा माणूस बघून बुचकळ्यात पडायचा. मी राउंडला निघालो की आधी चिमटे मोजायचो, आणि चार-पाचच्या वर दिसले की माझा चेहरा गृहपाठ न केलेल्या पोरासारखा व्हायचा.

ही करामत आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांची. त्या निरवांगीच्या. शेतकरी घरातल्या, बांध्याने लहान, आवाजाने मोठ्या. मी फिजिशियन, म्हणजे कागदोपत्री वॉर्ड माझा. प्रत्यक्षात तो कुणाचा, हे दारातल्या वॉचमनलाही ठाऊक होतं.

झालं असं, की अँटिबायोटिकं जपून वापरायची असं आम्ही ठरवलं. नियम साधे होते. पहिला डोस द्यायच्या आधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू ओळखायला, रक्त किंवा लघवी पाठवायची. दोन दिवस झाले, रिपोर्ट हाती आला, की थांबून विचार करायचा: हे औषध अजून हवंय का? साध्या औषधावर भागेल का? इंजेक्शनऐवजी गोळी चालेल का? कागदावर हे सगळं झकास होतं. पण राउंडच्या घाईत तो विचार करायचा राहूनच जायचा आणि इंजेक्शन आपलं पाचव्या, सातव्या दिवसापर्यंत सुखाने चालू राहायचं. मग एका फेब्रुवारीत सिस्टरांनी घरून चिमट्यांचं पाकीट आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ज्याचं अँटिबायोटिक चालू, त्याच्या केसपेपरला चिमटा. डॉक्टरने कारण लिहायचं, नाहीतर औषध बदलायचं किंवा बंद करायचं. त्याशिवाय चिमटा निघणार नाही.

आमचे सर्जन इंदापूरचे, तोंडाने तिखट. पहिल्याच दिवशी ते ओरडले, "बाई, माझ्या हर्नियाच्या पेशंटला चिमटा? टाके कोरडे हायेत, ताप न्हाय, आणि हा काय तमाशा?"

"टाके कोरडे, ताप न्हाय, मग इंजेक्शन कशापायी?" सिस्टर म्हणाल्या.

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. इंजेक्शन बंद झालं.

जुलै संपता संपता पुण्यातल्या एका परिषदेची सूचना आली. छोट्या हॉस्पिटलांनी आपले अनुभव पोस्टरसाठी, म्हणजे हॉलमध्ये लावायच्या तक्त्यासाठी, पाठवावेत, गोषवारा अडीचशे शब्दांत, इंग्रजीत. माझ्या अंगात कॉलेजातला नाटकवाला संचारला. सिस्टरांना म्हटलं, "आपण पाठवायचं. आणि त्यावर तुमचं नाव येणार."

"माझं? छापून?"

"इंग्रजीत."

डिसेंबरअखेर त्या निवृत्त होणार होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी लिहिलेल्या नोंदींचं वजन केलं असतं तर एक ट्रॉली भरली असती. पण खाली सही नेहमी दुसऱ्याची. दोनच दिवसांत निरवांगीत सगळ्या भावकीला कळलं, की आपली सून पुण्याला डॉक्टरांच्या सभेत जाणार आणि तिचं नाव भिंतीवर लागणार. मला हे कळलं ते त्यांच्या तात्यांकडून, म्हणजे थोरल्या दिरांकडून. बीपी दाखवायला आले आणि बीपी बाजूला ठेवून विचारू लागले, "नाव केवढ्या अक्षरात आसतंय, डॉक्टरसाहेब?"

हिशेब असा करायचा होता. एका पेशंटला एका दिवशी एक अँटिबायोटिक मिळालं, की कागदावर एक काडी मारायची; दोन मिळाली, तर दोन काड्या. मग सगळ्या काड्यांना वॉर्डातले सगळे पेशंट मिळून किती दिवस राहिले, त्याने भागायचं. मी चिमट्याआधीचे तीन महिने घेतले, नोव्हेंबर ते जानेवारी. चिमटा अंगवळणी पडल्यावरचे तीन घेतले, एप्रिल ते जून. आकडा असा काही घसरला, की मी खुर्चीतून उठून एकटाच टाळ्या वाजवल्या. घरी गेलेले पेशंट त्याच दुखण्यासाठी परत भरती झाले का, मृत्यू वाढले का, तेही तपासलं, वाढले नव्हते. म्हणजे औषध कमी केलं आणि कुणाचं बिघडलं नाही. आणखी काय पाहिजे?

गोषवारा लिहिला आणि ड्युटी रूममध्ये त्याचं जाहीर वाचन केलं. टेबलाच्या कडेला उभं राहून, स्टेथोस्कोप उपरण्यासारखा टाकून, एकेक वाक्य आधी इंग्रजीत आणि मग मराठीत. सर्जन म्हणाले, "काय राव, भाषण हाय का वर्तमानपत्रातली जाहिरात?" सिस्टर खुदूखुदू हसत होत्या. 'निष्कर्ष' आला आणि त्यांनी मला मध्येच अडवलं.

"सर, आधीचे तीन महिने कुठले म्हणला?"

"नोव्हेंबर ते जानेवारी."

"आन् नंतरचे?"

"एप्रिल ते जून."

त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "आवो, मधी कोयते गेले की."

खोलीत तिघंही उसाच्या मुलखात जन्मलेली माणसं. ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे कोयता म्हणतात. नोव्हेंबरात माळेगावला, सोमेश्वरनगरला साखर कारखान्यांवर कोयते येतात, उसाच्या पाल्याच्या कोप्या उभ्या राहतात, आणि आमच्या वॉर्डाचा चेहराच बदलतो. कोयत्याने कापलेला पाय, पाचटाने चिरून सुजलेला हात, थंडीत कोपीत झोपून झालेला न्यूमोनिया. आणि ही माणसं येतात उशिरा, कारण खाडा परवडत नाही. त्यांना अँटिबायोटिक लागतंच, तेही भारी. कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, कोयते गावी गेले, की एप्रिलपासून वॉर्डात जुलाब, ऊन लागलेले, साखर चढलेले. त्यातल्या बहुतेकांना अँटिबायोटिक लागतच नाही. म्हणजे माझा आकडा घसरला त्यात चिमटा किती आणि रिकाम्या झालेल्या कोप्या किती, हे कुणाला सांगता येणार नव्हतं. रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्या पाहून आम्ही महिना सांगतो. आणि इंग्रजीत लिहायला बसल्याबरोबर मी हंगामच विसरलो!

मी शेवटचा प्रयत्न केला. खोटं कशाला बोलू? "सिस्टर, गोषवारे तपासणारे कुठं तरी लांब बसलेले असतात. त्यांना काय ठाऊक कोयता?"

"त्यांला न्हायच कळायचं," त्या म्हणाल्या. "पण माझं नाव हाय नव्हं त्याच्यावर? निरवांगीतलं शेंबडं पोरगं इचारंल, की मावशे, कोयते धरले का सोडले?"

"आणि खरा आकडा काढल्यावर काही उरलंच नाही तर? तुम्ही गावात सांगून बसलाय."

"सांगन की, न्हाय झालं म्हणून." हे म्हणताना त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा मोठा नव्हता.

उपाय एकच होता. आदल्या वर्षीचेही एप्रिल ते जून काढायचे. तेच महिने, तेच ऊन, कोयते तेव्हाही गेलेले. फरक फक्त चिमट्याचा. मुदतीला चार दिवस राहिले होते. जनरेटरच्या खोलीवर आमची रेकॉर्ड रूम. दुपारच्या उन्हात पत्रा तापलेला, गठ्ठ्यांवर पालींची अंडी. सिस्टर गठ्ठे सोडत, मी औषधांचा तक्ता वाचत असे आणि सर्जन काड्या मारत. हो, सर्जनसुद्धा! त्यांचं म्हणणं, आपली पापं दुसऱ्याने मोजलेली त्यांना चालणार नाहीत.

त्या चार दुपारींची मला आज सगळ्यात जास्त आठवण येते. प्रत्येक कागदातून एकेक माणूस डोकं वर काढायचा. "हा बघा, शेळीला घेऊनच ॲडमिट व्हायला आलावता," सिस्टर म्हणायच्या. "ही म्हातारी, डब्यातली भाकरी सगळ्या वॉर्डाला वाटायची." सर्जनच्या प्रत्येक ऑपरेशनमागे आठवडाभर इंजेक्शनं निघत होती आणि मी मोठमोठ्याने मोजत होतो. मग एक डेंग्यूचा कागद निघाला. डेंग्यूला अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, हे कुठलाही विद्यार्थी सांगेल. पाच दिवस दोन अँटिबायोटिकं. अक्षर माझं, सही माझी.

"दहा काड्या," सर्जन शांतपणे म्हणाले. "वाचा की, डॉक्टर, आवाज का बसला?"

सिस्टर पत्र्याला टेकून हसत बसल्या, डोळ्यातून पाणी येईस्तोवर.

बेरीज झाली. पहिल्या आकड्यातली अर्ध्याहून जास्त हवा निघून गेली होती. पण उरलं होतं. थोडं, पण उरलं होतं, आणि ते चिमट्याचं म्हणता येत होतं. निष्कर्षातली विशेषणं मी खोडली आणि त्या जागेत दोन साधी वाक्यं लिहिली: आमचा भाग उसाचा आहे, हंगामाबरोबर पेशंट बदलतात, म्हणून तेच महिने ताडून पाहिले, आणि एका छोट्या वॉर्डावरून फार मोठा दावा करता येत नाही. पाठवण्याआधी नावांच्या ओळीत एक छोटा बदल केला. कुणाला सांगितलं नाही.

निवड झाल्याचं कळलं ते ऑक्टोबरात. सिस्टरांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, मेल स्वतः वाचला, परत दिला आणि कुणाच्या तरी सलाइनकडे निघून गेल्या.

पोस्टर छापायला आम्ही गेलो ते वाढदिवसाचे फ्लेक्स करणाऱ्याकडे. त्याने आलेख पाहून मान हलवली. "साहेब, फोटो कुठाय? बाईंचा फोटो तर पायजेच. वर झेंडूची कमान टाकतो, खाली शुभेच्छुक." मी जवळजवळ हो म्हणणार होतो. तेवढ्यात सिस्टरांचं लक्ष स्क्रीनवर गेलं.

"सर, क्रम चुकलाय. माझं नाव पहिलं आलंय."

"नाही चुकला."

"तुमचं कुठाय?"

"शेवटी. सर्जनच्याही खाली. दहा काड्यांची शिक्षा."

त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि फ्लेक्सवाल्याला म्हणाल्या, "झेंडू नको रं बाबा. अक्षरं तेवढी ठळक कर."

पुण्याला निघालो तेव्हा नोव्हेंबर संपत होता. बारामतीबाहेर पडेपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगलो. हॉलमध्ये आमचं पोस्टर एका कोपऱ्यात होतं, दोन्हीकडे मोठ्या हॉस्पिटलांची चकचकीत पोस्टरं. माणसं पुढून जात होती. मग एक वयस्कर बाई थांबल्या, चष्मा कपाळावर सरकवून, बोट थेट त्या उसाच्या वाक्यावर. "हे कुणाच्या लक्षात आलं?" त्यांनी मराठीत विचारलं.

मी अदबीने बाजूला झालो. इतक्या अदबीने मी आयुष्यात कधी रंगमंच सोडलेला नाही. आणि सिस्टर बोलू लागल्या. कोयते, कोप्या, पाचट, थंडी, उशिरा येणं, चिमटा. त्या बाईंनी वही काढली. आणखी दोघं थांबले. बोलता बोलता आमच्या फ्लेक्सचा कोपरा टेप सोडून लोंबायला लागला. सिस्टरांनी बोलणं न थांबवता पर्समधून लाल चिमटा काढला आणि तो बोर्डाला लावून टाकला.

आता त्या निरवांगीत असतात. पोस्टर त्यांच्या पडवीत आहे, आणि नावापुढे तात्या आल्यागेल्याला उभं करतात. आमच्या वॉर्डात आता संगणक आहे. तिसऱ्या दिवशी पडद्यावर लाल खूण येते आणि मी ती एका बोटाने घालवू शकतो. चिमट्यापुढे असली हिंमत मला कधी झाली नाही.

पण दर नोव्हेंबरात एक फोन येतो. मागे ट्रॅक्टरचा आवाज असतो.

"सर, कोयते आले. आता काड्या वाढत्याल. घाबरून आकडा झाकू नका."