आबांच्या शेजारी बसायचा फोटो

आमच्या घरात फोटो काढायचं काम माझ्याकडे. त्यामुळे आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, शेकडो फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत आणि त्यांच्यासोबत मी एकाही फोटोत धड नाही. एका नातेवाइकाच्या लग्नातल्या फोटोत आहे, पण त्यात मी पाठमोरी. आबा आजारी पडले तेव्हा हे मला एकदम टोचलं.

मी भडगावहून पारोळ्याला माहेरी आले होते. येण्याआधी जळगावला जाऊन मोबाइलचं स्टँड आणि ब्लूटूथचं छोटं रिमोट घेतलं. कोणी विचारेल, टायमर का लावला नाही? आबांची मान सारखी खाली पडायची. वर उचलली की दोनदा पापणी लवेपर्यंत टिकायची. तेवढ्यात बटण दाबायला हवं. आईने त्यांना पाठीमागून धरायचं आणि मी शेजारी बसायचं, असं ठरलं. शेजारच्या काकूंना बोलवू का म्हटलं, तर आबांनी हात हलवून नाही सांगितलं. परक्यासमोर असं बसायची त्यांना लाज वाटायची.

सकाळी त्यांना पलंगावर बसवलं. मी माझा मोबाइल स्टँडवर लावला, रिमोट हातात घेतलं आणि दाबलं. काहीच नाही. ब्लूटूथच्या यादीत रिमोटचं नावही दिसेना. ब्लूटूथ बंद करून चालू केलं. मोबाइल बंद करून पुन्हा सुरू केला. रिमोटची बारीक कळ मागेपुढे सरकवून पाहिली. बटण दाबल्यावर त्याचा दिवा एकदा लुकलुकायचा आणि विझायचा. सेल कमजोर असेल म्हणून नवा, रुपयाएवढा चपटा सेल घातला, तरी तेच.

आबांच्या उशाशी त्यांचा मोबाइल होता. त्यावर कीर्तन चालू होतं. मी रिमोट दाबत होते आणि कीर्तनाचा आवाज वाढत चालला होता.

"आबा, आवाज कमी करा ना! मला काही सुचत नाहीये," मी ओरडले.

"मी हातबी लाया नही, माय. तो आपोआप वाढस," आबा म्हणाले.

मला वाटलं, आजारात माणूस काहीही बोलतो. मी उठून आवाज कमी केला आणि पुन्हा दाबत बसले. पुन्हा वाढला. मी पुन्हा उठले. अशी माझी बुद्धी! आईच्या हातांना रग लागली होती. आबांची मान छातीवर टेकली.

"फोटू निंघना का?" त्यांनी विचारलं.

"नाही निघाला हो," मी म्हटलं आणि रिमोट पलंगावर आपटलं. ते घाबरून माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्याची आठवण आली की मला अजून स्वतःचं तोंड फोडावंसं वाटतं.

"राहू दे आते," ते म्हणाले. आता नको म्हटल्यावर आईने त्यांना आडवं केलं.

दुपारी रिमोट घेऊन मी बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. दुकानदाराने कळ सरकवली, दिवा भराभर लुकलुकला आणि माझ्या मोबाइलच्या यादीत रिमोटचं नाव आलं. लगेच जोडलंही गेलं.

"ताई, घरी हे आधी दुसऱ्या मोबाइलला जोडलं होतं का? तो जवळ असला की हे त्याच्याकडेच जातं. मग तुमच्या यादीत कसं दिसेल?"

जोडलं होतं. माहेरी आल्या रात्री माझा मोबाइल चार्जिंगला होता, म्हणून मी आबांच्याच मोबाइलवर ते चालवून पाहिलं होतं आणि साफ विसरले होते. हे रिमोट म्हणजे खरं तर आवाज वाढवायचं बटण, कॅमेरा उघडा असेल तर त्याने फोटो निघतो, असं त्याने समजावलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कॅमेऱ्यात आवाजाच्या बटणाने झूम होत होतं, तेही त्याने बदलून फोटोवर लावून दिलं.

घरी येऊन आधी आबांच्या मोबाइलमधून रिमोटचं नाव काढून टाकलं. स्टँड लावलं. दाबलं की खटकन फोटो निघत होता. रिकाम्या खुर्चीचे चार फोटो काढून मी खात्री केली.

संध्याकाळी आबा उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीही बसवता आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून त्यांना घरी आणलं ते अंत्यविधीसाठीच.

भिंतीवर लावायला फोटो निवडताना आई म्हणाली, "बघ, सगळ्या फोटोंत ते तुझ्याकडेच बघतायत. म्हणजे तू आहेसच की त्यांच्यात." नातेवाईकांनीही माना डोलावल्या. मला फार राग आला. मी कुठल्याच फोटोत नाही. मला त्यांच्या शेजारी बसायचं होतं.