शेवटच्या टेबलावरचे राजे

खिशात दोन पेनं, दोन्ही निळी. घड्याळांची बटणं प्रत्येक फेरीआधी स्वतः दाबून बघायची. खेळाडूंच्या पाठीमागे कधी उभं राहायचं नाही. चहा प्यायचा तो गार झाल्यावरच. आणि दोन्ही खेळाडूंच्या सह्यांची चिठ्ठी हातात आल्याशिवाय कोणाच्याही तोंडचा निकाल मानायचा नाही.

आठवडाभर चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या या बाई सुट्टीच्या दिवशी बुद्धिबळाच्या स्पर्धांना पंच म्हणून उभ्या राहत. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या यादीत एक चूक राहिली होती आणि एका मुलाच्या हातातला करंडक त्यांना परत मागावा लागला होता. तेव्हापासून बक्षिसांची वेळ आली की त्या प्रत्येक चिठ्ठी यादीशी पुन्हा ताडून बघत.

त्या रविवारी शाळेच्या सभागृहात एकोणचाळीस खेळाडू होते. सात फेऱ्या. प्रत्येक फेरीत सारखे गुण असलेले एकमेकांसमोर, झालेली जोडी पुन्हा नाही. एकटा उरेल त्याला फुकटचा एक गुण. असं करत करत जिंकणारे वरच्या टेबलांकडे सरकले, हरणारे खाली. सातव्या फेरीनंतर सहा गुणांवर दोघंच उरले : एक बँकेतला कारकून, दुसरी बाईंची सख्खी भाची. दोघांचा आपसातला डाव बरोबरीत सुटला होता. पुढच्या मोठ्या स्पर्धेची जागा मात्र एकच.

मग टायब्रेक. ज्याचे प्रतिस्पर्धी दिवसभरात जास्त गुण कमावतील, तो वर. भाचीची बेरीज साडेअठ्ठावीस. कारकुनाची अठ्ठावीस.

"झालं की मग!" मुख्याध्यापक टाळ्या वाजवत म्हणाले. "बाई, मावशी-भाचीचा फोटो एकत्रच काढू."

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "चिठ्ठ्या बघते."

"अहो, लोक ताटकळलेत."

"लोकांना बसायला खुर्च्या आहेत."

त्या चिठ्ठ्या आणि यादी घेऊन बसल्या. पहिलं टेबल, दुसरं, तिसरं. एकोणिसावं, म्हणजे शेवटचं टेबल आलं तेव्हा त्यांचं बोट थांबलं. तिथे पोस्टमन आणि निवृत्त नर्सबाई खेळले होते. यादीत पांढऱ्याचा, म्हणजे नर्सबाईंचा विजय. चिठ्ठीवर काळ्याचा. खाली दोघांच्या सह्या.

संगणकावर बसलेल्या सुताराला त्यांनी हाक मारली. तो लाकडाइतकाच बुद्धिबळाचाही वेडा.

"हे कुठून भरलंस?"

सुताराचा चेहरा पडला. "चिठ्ठी यायची होती, बाई. सर घाई करत होते. मी पट बघून आलो. दोन्ही राजे मधल्या पांढऱ्या घरांवर होते."

डाव संपला की जिंकणाऱ्याने दोन्ही राजे पटाच्या मधोमध ठेवायचे : पांढरा जिंकला तर पांढऱ्या घरांवर, काळा जिंकला तर काळ्या. सुताराचं चुकलं ते एवढंच, की पटाला विचारलं आणि चिठ्ठीची वाट पाहिली नाही.

पोस्टमनला बोलावलं. तो लाजत आला.

"कोण जिंकलं हो?"

"मी, बाई." मग घाईघाईने, "खरंच मी! नर्सबाईंना विचारा."

"मग राजे पांढऱ्यावर कसे?"

"जिंकणाऱ्याने पांढऱ्यावर ठेवायचे ना? मला काय माहीत? दिवसभरात एकच गुण, तोही एकटा उरलो म्हणून मिळालेला. राजे ठेवायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली."

नर्सबाई लांबूनच म्हणाल्या, "जिंकलाय तो. आणि वर मलाच चाल समजावून सांगत होता!"

सुताराने निकाल बदलला. पहिल्या फेरीत कारकून पोस्टमनशी खेळला होता, भाची नर्सबाईंशी. पोस्टमनचा गुण वाढला, नर्सबाईंचा उतरला. कारकून एकोणतीस. भाची साडेसत्तावीस. सगळ्यात खालच्या टेबलाने पहिला नंबर फिरवला होता.

बाई भाचीपाशी गेल्या. तिला सगळं सांगितलं, चिठ्ठी दाखवली.

"निकाल जाहीर केला नव्हता ना अजून?"

"नाही."

"सुटले गं मावशी! नंतर कळलं असतं तर घरी, बाहेर सगळीकडे एकच : मावशीने जिंकवलं." मग तिने नाक मुरडलं. "पण पोस्टमनकाकांना आजच जिंकायचं होतं?"

बाई खळखळून हसल्या. स्पर्धेच्या दिवशी त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. कारकुनाने करंडक घेतला. टाळ्यांत भाचीच्या टाळ्या सगळ्यात मोठ्या. पोस्टमनने कारकुनाला मिठीच मारली.

सभागृह रिकामं झाल्यावर बाई अहवाल लिहायला बसल्या. खेळाडू, फेऱ्या, निकाल, सगळं भरलं. 'विशेष घटना' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'सातव्या फेरीत एकोणिसाव्या टेबलावर पोस्टमन यांनी'. पुढे शब्द सुचेना. पुन्हा हसू यायला लागलं.

"मावशी, चल ना, भूक लागलीये," दारातून भाची ओरडली.

बाई उठल्या. कागद टेबलावर तसाच राहिला.