एकट्यानं रडायची जागा

काळाचौकीची अनुजा कांबळी परळच्या एका कॉलेजात मराठी माध्यमाच्या मुलांना समाजशास्त्र शिकवते. स्वस्थ बसणं तिच्या पत्रिकेतच नाही. पुस्तक इंग्रजी, मुलं मराठी. धड्याखालचे चर्चेचे प्रश्न मराठीत आणायचं काम कुणी सांगितलं नसताना तिनं अंगावर घेतलं होतं.

आता ते अंगाशी आलं होतं. विभागप्रमुख अभय सरांनी स्पष्टच सांगितलं, "मॅडम, चर्चेच्या तासाला मुलं तोंड उघडत नाहीत. शुक्रवारी मी मागे बसतो. तसंच असेल तर तास बंद, नोट्स द्या."

प्रश्न कुटुंबातल्या एकांताचा होता. आधी तिनं लिहिलं होतं, 'कुटुंबातील सदस्य वैयक्तिक अवकाशाची वाटाघाट कशी करतात?' वर्ग ढिम्म. असल्या मराठीपेक्षा इंग्रजी परवडलं, असं तिचं तिलाच वाटलं. मग चार दिवस खाडाखोड करून तिनं तो सोपा केला, 'घरात बायकांना एकांत मिळत नाही, हे योग्य आहे का?' चला, आता कळेल.

कळलं की! शुक्रवारी तिनं प्रश्न वाचला आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "नाही, मॅडम."

संपली चर्चा. सोपा करायच्या नादात आपण उत्तरही प्रश्नातच घालून ठेवलं, हे तिला तेव्हा उमगलं. मुलांना बोलायला उरलंच काय होतं? मागे सरांनी घड्याळ पाहिलं.

तिनं कागद उलटा ठेवला. "बरं, तो प्रश्न राहू दे. तुमच्या घरात कुणाला एकट्यानं रडावंसं वाटलं, तर ते कुठे जातात?"

कुणी हसलं, मग हसू विरलं.

"बाबा गच्चीवर," सम्यक म्हणाला. "सिगारेट प्यायला म्हणून."

"भाऊ बाइक घेऊन जातो. मी निघाले की विचारतात, कुठे चाललीस?" दीपिका म्हणाली. "आई मोरीत जाते. नळ सोडते, म्हणजे आवाज येत नाही."

मग जो गलका उठला! गच्चीची किल्ली कुणाकडे असते, मोरीला दार की पडदा, पुरुषालाच बाहेर जायची मुभा का, यावरून मुलं भांडायलाच उठली. बेल झाली तरी कुणी हलेना.

जाताना सर इतकंच म्हणाले, "तास चालू ठेवा."

अनुजा हवेत तरंगतच घरी आली. दार उघडंच होतं, खोलीत कुणी नव्हतं. मोरीचा पडदा ओढलेला आणि आत नळ धो धो वाहत होता.

"आई, पाणी फुकट..." रोजचं वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. तिचे वडील, अण्णा, जाऊन वर्ष झालं होतं. वर्षभर ती हेच ओरडत आली होती.

तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं बाहेरचं दार हळूच ओढून घेतलं आणि नळ बंद होईपर्यंत गॅलरीत उभी राहिली.