कुलूपबंद खोल्यांचा नकाशा

इनायत शुक्री म्हणजे अलेक्झांड्रियाच्या नगरपालिकेत तीस वर्षं नकाशे काढलेली बाई. निवृत्त झाली तरी ताठा तसाच, आणि तो तिला शोभायचाही. पाडून टाकलेल्या मुलींच्या शाळेची ऑनलाइन फेरी तयार करायला वाएल नावाचा पोरगा आणि त्याची तरुण मंडळी बसली, तेव्हा शाळेचा एकच नकाशा हाती लागला. तो इनायतनं एक्याऐंशी साली स्वतः टेप लावून काढलेला. मग काय, बाई रोज हजर!

सगळं झकास चाललं होतं. नकाशावरून भिंती उभ्या राहिल्या आणि जुन्या फोटोंवरून त्यांना दारं-खिडक्या चढल्या. घोडं अडलं ते संगीताच्या खोलीपाशी. फोटो जिथून काढला होता तिथे संगणकातला कॅमेरा ठेवला, तरी मागची भिंत काही केल्या जुळेना. इनायत म्हणाली, फोटोच वाकडा असणार, माझा टेप खोटं बोलत नाही. वाएलनं मुकाट्यानं फोटोतल्या फरशा मोजल्या. वीस सेंटिमीटरच्या तेवीस. म्हणजे खोली चार मीटर साठ रुंद, आणि नकाशात पाच चाळीस.

बाईंचा चेहराच उतरला. एक्याऐंशीत मोजणीच्या दिवशी ती खोली कुलूपबंद होती. बाहेरचं माप घेऊन तिनं आतलं वजाबाकीनं काढलं होतं. भिंतीत ऐंशी सेंटिमीटर खोल कपाटं असतील, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

वाएल भला पोरगा. म्हणाला, "मॅडम, फोटो जरा ताणून बसवतो. गुरुवारी उद्घाटन आहे, कोण एवढं बारकाईनं बघतंय?"

पहिल्या पानावर 'मोजमाप : इनायत शुक्री' असं ठळक झळकणार होतं. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. खरं सांगायचं तर गप्प बसावंसं तिला फार वाटलं. चहा निवून गेला तरी ती नकाशाकडे बघत बसली.

शेवटी म्हणाली, "ही भिंत आत घे. आणि वर अजून तीन खोल्या बंद होत्या, त्याही अंदाजानंच काढल्यात. त्या करड्या रंगात दाखव. खाली माझ्या नावानिशी लिही, की बाई आत गेलीच नव्हती."

"अहो, वरचा निम्मा मजला करडा होईल."

"होऊ दे."

गुरुवारी जुन्या विद्यार्थिनी फेरीत शिरल्या आणि करड्या खोल्या बघून चवताळल्याच. असं कसं, आमचं वाचनालय रिकामं? संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरच्या अल्बमांतून एकोणीस फोटो येऊन थडकले. रंग भरून नीटनेटकं दाखवलं असतं, तर एकही आला नसता.

वाएलनं तिन्ही खोल्या ताडून पाहिल्या आणि चाचरत सांगितलं, की दोन चुकल्यात.

"आणि तिसरी?"

"तंतोतंत बरोबर आहे, मॅडम."

"मग तेही लिही की," इनायत म्हणाली, "माझ्या नावानिशी."