उजवा हात येणाऱ्यांचा

बी.एड.चा माझा शेवटचा पाठ पवनारच्या शाळेत नववीवर होता. आधीचे दोन सपशेल आपटले होते. हाही आपटला तर वर्ष वाया, आणि बाबांनी बजावलंच होतं, पुन्हा शिकणं नाही. मग मी आम्ही सगळ्याच करायचो तेच केलं. आदल्या दिवशी वर्गाला पढवलं, ‘प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर उजवा, नसेल तर डावा.’ मागे बसलेल्या परीक्षकांना वाटावं, अख्खा वर्ग हुशार!

विषय होता शुड हॅव, कुड हॅव, नीडन्ट हॅव. एसटी चुकल्यामुळे चालत लग्नाला पोचलेल्या बाईची गोष्ट मी अशी रंगवली की विचारू नका. लवकर निघायला हवं होतं, निघाली नाही, म्हणजे शुड हॅव; ह्यात ठपका आला. सायकलनं येता आलं असतं, आली नाही, म्हणजे कुड हॅव. जमण्यासारखं होतं, एवढंच. आणि जेवणाचा डबा आणला, पण तिथे पंगत होतीच, म्हणून नीडन्ट हॅव. आणला खरा, पण गरज नव्हती.

प्रश्न विचारला. चाळीस हात वर! मी अशी हरखले की समोरच्यांचा उजवा आपल्या डावीकडे येतो, हेच विसरले. माझ्या उजवीकडचा एक हात बघून एका पोरीला उठवलं.

“मॅडम, माहा तं डावा हाये नं!”

वर्ग फुटला. मीही हसले. अगं बाई, परीक्षेत हसले! परीक्षक उठून पुढे आले. “डावा म्हणजे?” पोरीनं इमानदारीत सगळं सांगून टाकलं.

“मग मॅडमबद्दल इंग्रजीत एक वाक्य सांग,” ते म्हणाले.

पोरगी म्हणाली, “मॅडम नीडन्ट हॅव टॉट अस द हँड्स.”

“शुड हॅव का नाही?”

“सर, मॅडमनं शिकवलं नं हातांचं! पण गरज नोती. मले येत होतं. भेवापायी डावा उचलला.”

आता मला रडू की हसू कळेना. त्या पोरीला कडेवर घेऊन नाचावंसं वाटत होतं.

परीक्षकांनी वहीत शेरा लिहिला आणि ती माझ्या हातात दिली. “पोरगी मवाळ आहे. गरज नव्हती म्हणते. मी म्हणेन, करायलाच नको होतं,” ते म्हणाले. “पण विषय तुम्ही शिकवलात, बाई. तो तिला आला.”

शेऱ्याखाली लिहिलं होतं, उत्तीर्ण. मी भर वर्गात भोकाड पसरलं.