काळा उंट, पांढरा कोपरा

लेकीला बुद्धिबळ मीच शिकवलं आणि शिकवताना पांढऱ्या सोंगट्या कायम मीच घेतल्या. बापाचा मान! ती बिचारी समोर काळ्या घेऊन बसायची. ही खोड अंगाशी येईल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

जिल्हा निवड स्पर्धेची शेवटची फेरी होती, कोल्हापुरातल्याच एका मंगल कार्यालयात. मुलींमधल्या पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार. लेकीला अर्धा गुण पुरे होता, म्हणजे नुसती बरोबरी. हरली तर संपलं, कारण त्या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. पालकांना आत मज्जाव, म्हणून मी खिडकीचे गज धरून उभा. बाकीचे डाव केव्हाच उरकले होते. तिचा पट खिडकीपासून चार हातांवर, सगळं स्वच्छ दिसत होतं.

आज पांढऱ्या सोंगट्या तिच्याकडं होत्या. राहिलं होतं काय, तर राजा आणि एक घोडा. समोरच्या पोरीकडं राजा, उंट आणि दोन प्यादी, एक अगदी काठावरचं आणि एक त्याच्या शेजारचं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, घोडा दे, शेजारचं प्यादं मार, आणि राजा घेऊन कोपऱ्यात बस! काठावरचं प्यादं वजीर होणार ते कोपऱ्यातल्या घरात. ते घर होतं पांढरं, आणि त्या पोरीचा उंट चालणारा काळ्या घरांवरून. त्या घराला तो जन्मात शह देऊ शकत नाही. राजा तिथं ठिय्या मारून बसला की त्याला हुसकावायचं कुणी?

आणि तेवढ्यात मला आठवलं.

घरी मी नेहमी पांढरा आणि शिकवायला घ्यायचो माझ्या उजव्या काठाचंच प्यादं, ते जायचं तिच्या बाजूच्या कोपऱ्याकडं. तो कोपरा काळा. म्हणून मी तिला सोपं करून सांगितलं होतं, "पांढऱ्या घरांवरचा उंट असला तर बरोबरी. काळ्या घरांवरचा असला तर हात देऊन, हार मानून मोकळं व्हायचं." कोपऱ्याचा रंग बघ, हे सांगायचंच राहिलं! आता उंट काळ्या घरांवरचा होता. माझ्या नियमानं लेक हरलेली होती.

ती हलेना. घड्याळ पळतंय आणि ही दोन्ही हात गालांना लावून बसलेली. नुसतं 'कोपरा' एवढंच म्हणावं असं शंभरदा वाटलं. पण बोललो असतो तर पंचांनी डावच काढून घेतला असता. एकदा तिनं उजवा हात उचलला, समोर नेला. देतेय वाटतं हात! हात तसाच थांबला, मग घोड्यावर आला. घोड्यानं शेजारचं प्यादं टिपलं, समोरच्या राजानं घोडा मारला.

"घोडाबी गेला की वो पावणं! आता चितपटच," समोरच्या पोरीचे वडील माझ्या शेजारीच उभे होते.

"बघूया की," मी म्हटलं.

लेकीचा राजा कोपऱ्यात गेला. तिथून शेजारच्या घरात, परत कोपऱ्यात. समोरच्या पोरीनं उंट सगळीकडं फिरवून बघितला, राजा जवळ आणला, प्यादं पुढं ढकललं. शेवटी प्यादं कोपऱ्याच्या तोंडाशी, त्याच्या पाठीशी तिचा राजा. लेकीच्या राजाला शह नाही आणि सरकायला एक घरही नाही. कोंडी झाली. नियमानं बरोबरी.

"आरं, ह्ये कसं काय? उंट हाय, प्यादं हाय, आन् कुस्ती बरोबरीत?" शेजारचे पावणे अजून पटाकडंच बघत होते.

लेक बाहेर आली. मी तिला जवळ घेतलं, डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. म्हटलं, "चुकलं बघ माझं. नियम अर्धाच सांगितला तुला."

"व्हय, अर्धाच हाय तुमचा नियम," ती म्हणाली. "मी हात द्यायलाच निघालेली. मग म्हटलं, ह्यो उंट मला ह्या घरातनं बाहेर काढणार कसा, ते तरी बघू."

"मग एवढा वेळ कशाला लावलास गं? जीव गेला माझा."

"खिडकीत तुमचं तोंड दिसत हुतं पप्पा. ते बघून मला वाटायचं, मी हरल्येच. शेवटी तुमच्याकडं बघायचंच सोडलं, तवा कुठं सुचलं."