अकरा ते दोनची ड्यूटी

स्कूटर घेतली तेव्हा मी ती रोज संध्याकाळी चार्जिंगला लावायचे. घरी आले की दावणीला बांधलेल्या जनावरापुढे वैरण टाकावी तसा प्लग लावायचा आणि चहा ठेवायचा. सौरऊर्जेवर चालणाऱ्या घरात याच्याइतका खुळा दिनक्रम दुसरा नसेल, हे मला महिनाभर कळलं नाही. शिकवते मी विज्ञान.

आमचं घर पूर्णेच्या बाहेर, शेतात. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर वडिलांनी हट्टानं तिथं बांधलं. लाइट पोचलेली नाही, म्हणून छतावर एक किलोवॅटची पॅनेलं, खाली इन्व्हर्टर आणि एक बॅटरी. अर्धांगवायूनं वडिलांचा उजवा हात गेला, तरी घर सोडायला ते तयार नव्हते. माझी शाळा वीस किलोमीटरवर, आणि एसटी मला तिथं प्रार्थना संपल्यावर पोचवायची. म्हणून स्कूटर.

तिसऱ्याच दिवशी रात्रीच्या जेवणाला इन्व्हर्टरनं शिट्टी मारली आणि पंखा, दिवे सगळं बंद. असं रोज व्हायला लागलं. मग मी तासभरच चार्ज करू लागले आणि एकदा शाळेच्या सहा किलोमीटर अलीकडे स्कूटर थांबली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, इथं शाळेच्या गावातच खोली बघा." मी बघितली, एक तारखेला येते म्हणून सांगितलंही. वडिलांना सांगितलं तेव्हा ते "बरं" एवढंच म्हणाले. एका हातानं भाकरीचा तुकडा मोडणाऱ्या माणसाला एकटं टाकून जायचं, या विचारानं माझा जीव थाऱ्यावर नव्हता. राग मात्र मी इन्व्हर्टरवर काढला. खराब माल दिलाय म्हणून पॅनेल बसवणाऱ्या मिस्त्रीला फोनवर नको ते बोलले.

तो रविवारी आला. इन्व्हर्टर, बॅटरी तपासली आणि म्हणाला, "ताई, माल चांगला हाय. तुमी गाडी कवा लावता?"

"संध्याकाळी. आल्यावर."

"तवा सूर्य कुठं असतोय?"

त्यानं माझ्याच वहीवर हिशोब मांडला. रोजचे चाळीस किलोमीटर म्हणजे स्कूटरच्या बॅटरीतून सव्वा युनिट, चार्जरमधली गळती धरून जवळपास दीड. घरातली बॅटरी कागदावर पावणेदोन युनिटांची, पण तिला जपायचं तर रात्रीत एकच वापरायचं. तेवढ्यात पंखे, दिवे आणि वर स्कूटर, असं मी तिच्याकडून मागत होते. उलट दिवसभरात पॅनेलं चारेक युनिट देतात. दुपारी घरातली बॅटरी भरली की पुढचं ऊन नुसतं छतावर पडून जात होतं.

"पण दुपारी मी आणि स्कूटर दोघी शाळेत," मी म्हणाले.

त्यानं सीट उचलून आतल्या दोन बॅटऱ्या दाखवल्या. दोन्ही काढता येणाऱ्या, दीड-दीड युनिटाच्या. "एकीवर जाऊन येणं होतंय की. दुसरी घरी ठेवा. चार्जर पाचशे वॉटचा हाय, तीन तास धरा. अकराला लावायची, दोनला काढायची. ऊन चांगलं असलं तर पॅनेलं त्यावेळी सातशेच्या वर देत्यात."

"लावणार कोण?"

मागून वडील म्हणाले, "मी काय मेलोय का?"

सोमवारी मी दहा किलोची ती बॅटरी चार्जरजवळ ठेवली, पिन जोडून दिली. वडिलांना फक्त बटण दाबायचं होतं. शाळेत दिवसभर माझं लक्ष लागलं नाही. दुपारी ढग आले तेव्हा तर पोरांना उगाच रागावले.

घरी आले तर वडील खाटेवर बसलेले, मांडीवर वही. डाव्या हाताच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, गाडी सुटल्याची नोंद करावी तशी नोंद: अकरा वाजता चालू. बारा वीसला ढग, बंद. बारा पंचेचाळीसला ऊन, चालू. दोन तीसला चार्जरचा दिवा हिरवा.

"ढगात बंद कशाला केलं?"

"न्हाई तर ती घरच्या बॅटरीतून ओढायली. इन्व्हर्टरवर आकडा दिसतो की."

त्या रात्री पंखा सकाळपर्यंत चालला. मला मात्र आनंदानं झोप येईना. मंगळवारी भरलेली बॅटरी घालून प्रार्थनेआधी शाळेत पोचले आणि मुख्याध्यापकांना सांगून टाकलं, खोली नको. सलग ढग असले की अजून अर्धी रजा टाकून एसटीनं जावं लागतं, त्याबद्दल ते कुरकुरतात. कुरकुरू देत.

मागच्या आठवड्यात वडिलांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मी दुपारची वेळ घेतली होती, ती त्यांनी फोन करून स्वतःच बदलली. "अकरा ते दोन जमणार न्हाई," ते डॉक्टरांना सांगत होते, "लेकीला उद्या शाळंत जायचंय." मी दाराआड उभी राहून ते ऐकलं, आणि मला रडूच आलं.